डिझर्टेशन: रिसर्च क्वेश्चन आणि आराखडा (हवामान बदलाचे खटले आणि तीन प्रादेशिक मानवाधिकार न्यायालयं)

मॅडम, गेल्या मीटिंगला तुम्ही म्हणालात की "हवामान बदल आणि मानवाधिकार" हा विषय नाही, तो लायब्ररीतला अख्खा कप्पा आहे, त्यातून एक प्रश्न काढून आण. पंधरा दिवस तेच करत बसले होते आणि आता प्रश्न सापडलाय असं वाटतंय, म्हणून आधी मराठीतच लिहून पाठवतेय, कारण इंग्रजीत लिहायला बसलं की आपण काय म्हणतोय ते माझं मलाच कळेनासं होतं.

प्रश्न असा: स्ट्रासबर्ग, सॅन होजे आणि अरुशा इथल्या तीन मानवाधिकार न्यायालयांमध्ये हवामानाची तक्रार घेऊन नेमकं कोण आत जाऊ शकतं, आणि आत कोणाला घेतलं यावरून कोर्ट पुढे हक्क कोणता आणि किती देतं हे ठरतं का?

म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लोकसचा प्रश्न. आपण पीआयएलवर वाढलेली माणसं, एस. पी. गुप्तानंतर लोकस हा मुद्दा आपल्याला जवळपास संपल्यासारखा वाटतो, पण हवामानाच्या केसमध्ये सगळी लढाई तिथेच होतेय. नुकसान सगळ्यांचंच आहे, मग "माझं झालंय" असं म्हणायचं कोणी? माझं म्हणणं असं की हा नुसता प्रोसिजरचा भाग नाही. दार कसं बांधलंय त्यावर आतला हक्क बेतला जातो. हे मला सिद्ध करायचंय, आणि नाही झालं तर का नाही झालं ते प्रामाणिकपणे लिहायचंय.

हा प्रश्न डोक्यात कुठून आला ते सांगते, कारण प्रस्तावनेत तेच येणार आहे. स्ट्रासबर्गच्या युरोपियन कोर्टाचा ९ एप्रिल २०२४ चा क्लिमासिनियोरिनेन विरुद्ध स्वित्झर्लंडचा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सगळ्या बातम्यांसारखंच मलाही वाटलं की आज्या जिंकल्या. मग नीट वाचलं. तक्रारदार पाच होते, एक संघटना आणि चार बायका. संघटनेत दोन हजारांवर सभासद, सगळ्या म्हाताऱ्या स्विस बायका, आणि त्या चौघींनी आपापली तब्येत कोर्टासमोर मांडली होती, उन्हाळ्यात लाट आली की घरातून बाहेर पडता येत नाही, दम लागतो, डॉक्टरांची सर्टिफिकेटं जोडली होती. एकीचं तर केस चालू असतानाच निधन झालं. आणि कोर्टाने काय केलं, तर चौघींना सांगितलं की तुम्ही "पीडित" ठरत नाही, आणि जिला ना दम लागतो ना घाम येतो त्या संघटनेला आत घेतलं आणि तिला जिंकवलं! त्या रात्री मला अकोल्याची माझी आजी आठवली. मे महिन्यात दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दर तासाला पाणी मारायचं, आणि लाईट गेली की कूलर बंद, मग ती ओला पंचा मानेवर टाकून नुसती जमिनीवर पडून राहायची. ती स्वित्झर्लंडमध्ये असती तर तीही पीडित ठरली नसती. (हा परिच्छेद प्रबंधात ठेवायचा की नाही ते तुम्ही सांगा, मला ठेवायचाय.)

आता प्रकरणं.

पहिलं प्रकरण छोटं. विषयाची ओळख, तिन्ही कोर्टांचे करार आणि त्यातला फरक. युरोपियन कन्व्हेन्शनमध्ये पर्यावरणाचा शब्दच नाही, सगळं आर्टिकल ८ म्हणजे खासगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्कातून ओढून काढावं लागतं. आफ्रिकन चार्टरच्या आर्टिकल २४ मध्ये समाधानकारक पर्यावरणाचा हक्क सरळ लिहिलाय, आणि तो "सर्व लोकसमूहांना" दिलाय, एकेकट्या माणसाला नाही. अमेरिकन कन्व्हेन्शनच्या आर्टिकल २६ मधून इंटर-अमेरिकन कोर्टाने तो वाचून काढला. उर्गेंडासारख्या देशांतर्गत केसेस इथे फक्त संदर्भापुरत्या, त्यावर मी वाहवत जाणार नाही असं लिहून देते.

दुसरं प्रकरण स्ट्रासबर्गचं आणि हा प्रबंधाचा कणा. ९ एप्रिललाच ग्रँड चेंबरने तीन निकाल दिले ते एकत्र ठेवून वाचायचे. क्लिमासिनियोरिनेनमध्ये आर्टिकल ८ चा भंग १६ विरुद्ध १ ने, आर्टिकल ६ चा एकमताने. कारेम विरुद्ध फ्रान्समध्ये ग्राँद-सिंथ गावाचे माजी महापौर बाहेर, कारण ते तोपर्यंत ब्रुसेल्सला राहायला गेलेले. दुआर्ते आगोस्तिन्योमध्ये सहा पोर्तुगीज मुलं-तरुण, २०१७ च्या वणव्यांनंतर पेटून उठलेले, त्यांनी तेहतीस देशांना कोर्टात खेचलं आणि तेही बाहेर, पोर्तुगालपुरतं देशातले उपाय संपवले नाहीत म्हणून आणि बाकीच्यांबाबत ज्युरिस्डिक्शनच नाही म्हणून. एकट्या माणसासाठी कोर्टाने दोन अटी घातल्या, त्रासाची तीव्रता खूप जास्त हवी आणि वैयक्तिक संरक्षणाची तातडीची गरज हवी, आणि स्वतःच म्हटलं की हा उंबरठा विशेष उंच आहे. संघटनेला मात्र वेगळी कसोटी: कायदेशीर नोंदणी, हवामानातून होणाऱ्या मानवाधिकारांच्या हानीविरुद्ध काम करण्याचा हेतू, आणि बाधित लोकांचं खरं प्रतिनिधित्व. सभासद स्वतः पीडित असायला हवेत असंही नाही. आणि हे सगळं करून वर कोर्ट म्हणतं की आम्ही अॅक्शिओ पॉप्युलारिस, म्हणजे कोणीही उठून सगळ्यांच्या वतीने यावं, हे मान्य करत नाही. मला इथे खरी ओढाताण दिसते, नाव बदलून तेच केलंय का?

आणि आता माझा मुद्दा. संघटना आत आली म्हणून हक्कही संघटनेच्या मापाचा झाला. कोर्टाने स्वित्झर्लंडला धरलं ते कशावरून, तर आकड्यात मांडलेलं कार्बन बजेट नाही, २०२० चं २० टक्के कपातीचं लक्ष्य चुकलं, नियमांची चौकट अपुरी. म्हणजे हक्काचा मजकूर "नीट चौकट करा" असा निघाला. एखाद्या बाईला लाटेच्या दिवशी काय मिळालं पाहिजे, थंड जागा, आधी सूचना, डॉक्टर, यावर निकालात हात आखडता. चौघी आत असत्या तर कोर्टाला हे टाळता आलं असतं का? हा प्रश्न मी या प्रकरणात शेवटपर्यंत ताणणार आहे. न्यायाधीश आयकी यांचं एकट्याचं विरोधी मतही इथेच घेईन, त्यांच्या मते बहुमत कन्व्हेन्शनच्या पुढे निघून गेलं, मला ते पटत नाही पण त्यांनी दाखवलेली दुबळी जागा खरी आहे. ऑक्टोबर २०२५ चा ग्रीनपीस नॉर्डिक विरुद्ध नॉर्वे हा निकाल माझ्या मुद्द्याची परीक्षा म्हणून घेते, तिथेही तरुण तक्रारदार बाहेर, संघटना आत, आणि भंग मात्र नाही.

निकालानंतरचं एक छोटं उपप्रकरण: जून २०२४ मध्ये स्विस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून सांगितलं की आम्ही आधीच पुरेसं केलंय. त्याचा माझ्या प्रश्नाशी संबंध एवढाच की संघटनेला मिळालेला हक्क अंमलात आला का हे मोजायचं कोणी, त्या बायका तर केसमध्ये उरल्याच नाहीत. इथे फार रेंगाळणार नाही.

तिसरं प्रकरण सॅन होजे, इंटर-अमेरिकन कोर्ट. इथे चित्र बरोबर उलटं आहे आणि मला हे सापडलं तेव्हा मी खोलीत एकटीच ओरडले. २०१६ च्या ओसी-२२ या सल्ला-मतात कोर्टाने सांगितलंय की कंपन्या, संघटना अशा कायदेशीर व्यक्तींना कन्व्हेन्शनचे हक्कच नाहीत, अपवाद आदिवासी समुदाय आणि काही प्रमाणात कामगार संघटना. म्हणजे स्ट्रासबर्गमध्ये जिंकलेली संघटना सॅन होजेत पीडित म्हणून उभीच राहू शकत नाही, पण आर्टिकल ४४ प्रमाणे कोणीही माणूस, गट किंवा एनजीओ दुसऱ्यांसाठी कमिशनकडे अर्ज मात्र करू शकते. दार मोठं, पण हक्क माणसाचा किंवा समुदायाचा. त्याचा परिणाम ला ओरोया विरुद्ध पेरूत दिसतो, धातू गाळण्याच्या भट्ट्यांच्या गावातल्या ऐंशी लोकांची केस, आणि कोर्टाने स्वच्छ पर्यावरणाचा हक्क वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही बाजूंनी तपासला. ती हवामानाची केस नाही हे मला माहीत आहे, पण दाराची रचना समजायला तीच उपयोगी. पुढे २०१७ चं ओसी-२३, ज्यात देशाबाहेरच्या माणसाचं नुकसानही ज्युरिस्डिक्शनमध्ये येऊ शकतं असं म्हटलं, त्या सहा पोर्तुगीज मुलांना हेच हवं होतं. आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेलं ओसी-३२, चिली आणि कोलंबियाने मागितलेलं, त्यात निरोगी हवामानाचा वेगळा हक्क आहे. पण हे सल्ला-मत आहे, समोर पीडित कोणी नाही, आणि माझी शंका अशी की दारच नव्हतं म्हणूनच कोर्ट एवढं मोकळं बोलू शकलं. माझ्या मुद्द्याच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावाही हाच ठरू शकतो, तो मी लपवणार नाही. २००५ ची इन्युइट लोकांची याचिका, जी कमिशनने पुढच्या वर्षी दारातूनच परत पाठवली, ती प्रकरणाच्या सुरुवातीला.

चौथं प्रकरण अरुशा, आफ्रिकन कोर्ट. इथला कायदा सगळ्यात उदार आणि दार सगळ्यात अरुंद. तक्रारदार स्वतः पीडित असायची गरज नाही, २००१ च्या सेराक केसमध्ये आफ्रिकन कमिशनने ओगोनी लोकांसाठी बाहेरच्या संघटनांची तक्रार घेतली. पण कोर्टात थेट जायचं तर देशाने आर्टिकल ३४(६) खाली घोषणा केलेली हवी, आणि रवांडा, टांझानिया, बेनिन, कोत दिव्हुआर यांनी आपापल्या घोषणा मागे घेतल्या. कोर्ट ज्या टांझानियात बसतं त्यानेच! जवळून दाखवायला एक केस घेते, लिधो विरुद्ध कोत दिव्हुआर. २००६ मध्ये प्रोबो कोआला जहाजाचा विषारी कचरा अबिजानभर टाकला गेला, संघटनांनी २०१६ मध्ये केस केली, देशाने २०२० मध्ये घोषणा मागे घेतली, पण केस आधीच आत होती म्हणून वाचली आणि २०२३ मध्ये आर्टिकल २४ चा भंग ठरला. पाच वर्षं उशीर झाला असता तर निकालच नसता. मे २०२५ मध्ये आफ्रिकन वकिलांच्या संघटनेने हवामानावर सल्ला-मत मागितलंय, ते माझ्या सबमिशनच्या आत आलं तर घेईन, नाहीतर मागणीच्या मजकुरावरच थांबेन.

पाचवं प्रकरण तुलनेचं. देशानुसार मांडणी करायची नाही, "बाई, संघटना, लोकसमूह, अजून न जन्मलेली मुलं" अशा चार तक्रारदारांनुसार करायची, म्हणजे तिन्ही कोर्टांत तोच माणूस नेऊन बघायचा. हे मला लिहायला सगळ्यात अवघड जाणार आहे.

भारत? वेगळं प्रकरण नको असं मला वाटतं. आशियात असं कोर्टच नाही, त्यामुळे आपला संबंध फक्त एवढाच की माळढोकच्या केसमध्ये (रणजितसिंह, मार्च २०२४) सुप्रीम कोर्टाने आर्टिकल १४ आणि २१ मधून हवामानाच्या दुष्परिणामांविरुद्धचा हक्क काढला, आणि लोकसवर कोणी अडवलंच नाही. शेवटच्या प्रकरणात तीन-चार पानं, बस.

पद्धत: निकाल आणि सल्ला-मतं मुळातून वाचणं, मुलाखती नाहीत. स्पॅनिश मला येत नाही, त्यामुळे ओसी-३२ इंग्रजी भाषांतरातून, आणि ज्या वाक्यावर मुद्दा उभा आहे ते स्पॅनिश येणाऱ्या मैत्रिणीकडून तपासून घेणार.

दुसरं प्रकरण मी आधी लिहायला घेते, पहिलं सगळ्यात शेवटी. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत त्याचा कच्चा मसुदा देईन. तोवर दोन गोष्टी सांगाल का: प्रश्नातला "आणि किती" हा भाग ठेवू की काढू, आणि आजीचा परिच्छेद.