'कोरडवारा': गुंतवणूकदारांसाठी 2 मिनिटांच्या व्हिडिओची संहिता

'कोरडवारा' म्हणजे पाऊस आला की बेदाणा शेडमधली हवा कोरडी ठेवणारा संच. एकूण वेळ 2:00. बोलणारे दोघेच. 'ती' म्हणजे बेदाणा, शेतकरी आणि सौदा पाहणारी संस्थापक, 'तो' म्हणजे यंत्र पाहणारा संस्थापक.
ठिकाण: तासगाव तालुक्यातली बेदाणा शेड. 100 फूट लांब, 10 फूट रुंद, 11 मजली रॅक.
दिवस: एप्रिलचा पहिला आठवडा. रॅकवर शेवटचा लॉट पसरलेला असताना, सकाळी साडेआठच्या आत. नंतर शेडनेटमधून येणाऱ्या उन्हाचे पट्टे चेहऱ्यावर पडतात आणि मालाचा हिरवा रंग कॅमेऱ्यात पिवळा दिसतो.

दृश्य 1 (0:00 ते 0:14)

चित्र: अगदी जवळून दोन तळहात. डाव्यात हिरवा बेदाणा, उजव्यात काळा. चेहरा दिसत नाही. संगीत नाही, ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज.

ती: दोन्ही बेदाणे एकाच बागेचे. द्राक्षं एकाच दिवशी तोडलेली, एकाच दिवशी रॅकवर टाकलेली. फरक एका रात्रीच्या पावसाचा. सौद्यात याला किलोला 150 रुपये मिळाले, याला 60.

पडद्यावर: ₹150 | ₹60

"याला" म्हणताना तो तो हात किंचित पुढे यावा. काळा बेदाणा खराच घ्यायचा, मार्चच्या पावसात सापडलेल्या लॉटमधला. रंग लावलेला किंवा जुना सुकलेला माल बेदाण्याचा जाणकार एका नजरेत ओळखतो आणि मग पुढचं काहीच खरं मानत नाही.

दृश्य 2 (0:14 ते 0:41)

चित्र: क्रेटमधली द्राक्षं डिपिंगच्या टाकीत बुडतात, निथळतात, जाळीवर पसरली जातात. मग शेडच्या कडेची ताडपत्री खाली येते. शेवटी आतून, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला जमलेले पाण्याचे थेंब.

ती: द्राक्षं डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकतात. सालीवरचा मेणाचा थर मोडतो, म्हणून माल दोन-तीन आठवड्यांत सुकतो. दहा टन द्राक्षांतून सात टनांहून जास्त पाणी हवेत जायचं असतं. अवकाळी पाऊस आला की शेतकरी ताडपत्री सोडतो. पाऊस बाहेर राहतो, पण दमट हवा आत कोंडते. पाण्याला जायला वाट उरत नाही. माल चिकटतो, काळा पडतो, बुरशी धरतो.

पडद्यावर: 10 टन द्राक्षं → 2.6 टन बेदाणा + 7.4 टन पाणी

थेंबांचा शॉट किमान 4 सेकंद ठेवायचा. सगळी अडचण त्या एका चित्रात आहे. "ताडपत्री आहे की, मग काय अडलं?" हा प्रश्न शेडमध्ये कधी न गेलेल्या माणसाच्या मनात येणारच, आणि त्याचं उत्तर शब्दांपेक्षा हे थेंब लवकर देतात.

दृश्य 3 (0:41 ते 1:15)

चित्र: 'तो' शेडच्या तोंडाशी, मागे पेलेटची, म्हणजे जळणाच्या दाबलेल्या गोळ्यांची भट्टी. मग क्रमाने आर्द्रतेचा सेन्सर, आपोआप उतरणारा पडदा, रॅकखालून जाणारी भोकांची नळी. नळीच्या भोकाजवळ कागदाची पट्टी धरायची, ती फडफडते.

तो: ताडपत्री पाऊस अडवते, दमटपणा नाही. आमचा 'कोरडवारा' संच आहे त्याच शेडला बसतो. तीन उंचींवर आर्द्रता मोजतो. पाऊस आला की 90 सेकंदांत पडदे उतरतात आणि भट्टी पेटते. 24 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 32 अंशांवर नेली की आर्द्रता 56 टक्क्यांवर येते. तीच हवा पुन्हा पाणी उचलू लागते. चार पंखे ती रॅकखालून सोडतात. धुराची वाट वेगळी, मालाला वास लागत नाही. दहा तासांच्या पावसाला 120 किलो पेलेट लागतात, खर्च 1,440 रुपये. आणि पावसात लाईट जाते, म्हणून जनरेटर संचातच आहे.

पडद्यावर: 24°C, 90% → 32°C, 56%
नंतर: एका पावसाळी रात्रीचा खर्च ₹1,440

या दृश्यात पंखे चालू हवेत, पण बोलण्याच्या टेकला नाही. चार पंख्यांच्या घरघरीत कॉलर माईकवरही "छप्पन्न" आणि "छत्तीस" सारखेच ऐकू येतात. आधी पंखे बंद ठेवून बोलणं टिपायचं, मग पंखे चालू करून चित्र घ्यायचं आणि पंख्यांचा आवाज खाली हळू ठेवायचा.

दृश्य 4 (1:15 ते 1:33)

चित्र: शेजारीशेजारी दोन शेड. मग दोन्हींच्या मालाचे 15-15 किलोचे उघडे बॉक्स.

ती: दोन हंगामांत 6 शेड, 14 लॉट. त्यातले 5 लॉट पावसात सापडले. संच लावलेल्या शेडमध्ये काळा माल 9 टक्के निघाला, शेजारच्या साध्या शेडमध्ये 34. पुढच्या हंगामासाठी 23 शेतकऱ्यांनी पाच-पाच हजार रुपये भरून नाव नोंदवलंय.

पडद्यावर: काळा माल 9% | 34% (पावसात सापडलेले 5 लॉट)

कंसातले शब्द काढायचे नाहीत. पाच लॉट हा लहान आकडा आहे आणि तो लहान म्हणूनच दाखवायचा.

दृश्य 5 (1:33 ते 2:00)

चित्र: दोघे रॅकसमोर उभे, कॅमेरा स्थिर, छातीपासून वर. कुठलंही हलतं चित्र नाही.

तो: संच तयार करायला 1 लाख 30 हजार लागतात. शेतकऱ्याला तो हंगामाला 45 हजार भाड्याने देतो. देखभाल वजा जाता चौथ्या हंगामात संचाचे पैसे वसूल होतात.

ती: आम्हाला 90 लाख रुपये हवे आहेत, 10 टक्के भागीदारीच्या बदल्यात. 52 लाखांत 40 संच, 24 लाखांत दीड वर्षाची दुरुस्ती टोळी, 14 लाखांत साचे आणि चाचण्या. संच 15 जानेवारीला शेडवर हवेत, म्हणून पैसे सप्टेंबरअखेर लागतील. शेडवर या, पंखे चालू करून दाखवतो.

पडद्यावर: ₹90 लाख | 10% | सप्टेंबरअखेर
शेवटचे 2 सेकंद कंपनीचं चिन्ह आणि फोन क्रमांक, काळ्या पार्श्वभूमीवर.

बोलण्याची लय

बोलायचे शब्द साधारण 265 आहेत. घाई न करता 1:50 ते 1:55 लागतात. टेक 2:05 च्या वर गेला तर वेग वाढवायचा नाही, वाक्यं कापायची. पहिलं जाणारं वाक्य दृश्य 3 मधलं "चार पंखे ती रॅकखालून सोडतात", कारण चित्रात ते दिसतंच. दुसरं, दृश्य 2 मधलं "पाण्याला जायला वाट उरत नाही". जनरेटरचं वाक्य आणि पैशांची वाटणी कुठल्याही टेकमध्ये कापायची नाही.

"पोटॅशियम कार्बोनेट" म्हणताना जीभ अडखळते. अडखळली तर पूर्ण वाक्य पुन्हा घ्यायचं, मधूनच शब्द जोडायचा नाही, कारण ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सगळे आकडे 24, 90, 32, 56 हे सुटे आणि सावकाश.

आकड्यांचा हिशेब (व्हिडिओनंतरच्या प्रश्नांसाठी, दोघांनाही तोंडपाठ हवा)

पाणी: द्राक्षात साधारण 78 टक्के पाणी धरलं तर 10 टनांत कोरडा भाग 2.2 टन. बेदाणा 16 टक्के ओलाव्याला उतरवला तर 2.62 टन. उरलेले 7.4 टन म्हणजे पाणी. शेतकरी "चार किलोला एक" म्हणतो ते याच्या जवळ जातं.

उष्णता: चार पंखे, प्रत्येकी सेकंदाला 1 घनमीटर हवा, 8 अंश वाढ, म्हणजे सुमारे 38 किलोवॉट. पेलेटचं ज्वलनमूल्य किलोला 17 मेगाज्यूल आणि भट्टीची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर तासाला साडेअकरा किलो, म्हणून हिशेबात 12. पेलेटचा भाव किलोला 12 रुपये धरला आहे.

वीज: चार पंखे मिळून दीड किलोवॉट. दोन 150 अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांवर ते जेमतेम दोन तास चालतात, रात्रभर पाऊस राहिला तर मध्यरात्रीच बंद पडतात. म्हणून इन्व्हर्टर सोडून 3 केव्हीएचा जनरेटर घेतला.

तोटा: 2,600 किलोच्या लॉटमध्ये काळा माल 34 टक्क्यांवरून 9 वर आला तर 650 किलो वाचतो. किलोमागे 90 रुपयांच्या फरकाने 58,500 रुपये. म्हणजे हंगामात एक लॉट जरी पावसात सापडला तरी 45 हजारांचं भाडं निघतं. पाऊसच आला नाही तर त्या वर्षी शेतकऱ्याला भाडं अंगावर पडतं. हा प्रश्न विचारला जाईलच, तेव्हा गोलमाल न करता सांगायचं: पाऊस न आलेल्या हंगामाचं निम्मं भाडं आम्ही पुढच्या हंगामात वळतं करतो.

वसुली: 45 हजार भाड्यातून 6 हजार देखभाल गेली की 39 हजार. 1 लाख 30 हजारांना भागलं तर 3.3 हंगाम.

काय बिघडलं होतं, हे विचारलं तर: पहिल्या हंगामात गरम हवा वरून सोडली होती. ती वरच राहिली, वरचे तीन मजले लालसर झाले आणि खालचे ओलेच. आता नळी खाली आहे आणि 38 अंशांवर भट्टी आपोआप बंद होते. दुसरा बिघाड सेन्सरचा. रॅकवर डिपिंगच्या पाण्याचा नंतरचा फवारा मारताना तेल सेन्सरवर बसलं, आणि तो हवा कोरडी असल्याचं दाखवत राहिला. आता सेन्सरला खालून उघडी टोपी आहे आणि प्रत्येक फवाऱ्यानंतर तो पुसायचा, हे शेडवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी दृश्य 3 मध्ये सेन्सरच्या शॉटमागे दिसू द्यायची.