"ओरिजिनल आहे ना?" : आमच्या मोबाइल रिपेअर दुकानाच्या पोस्ट (वरचा बाजार, फोंडा)

पोस्ट १ : ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं?

"पार्ट ओरिजिनल आहे ना?" हा प्रश्न काउंटरवर रोज दहा वेळा येतो. बाजारात त्याचं उत्तर ठरलेलं असतं : "हो हो, ओरिजिनलच."

खरं तर या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, फोनच्या कंपनीचा नवा, सीलबंद खोक्यातला पार्ट. सॅमसंगवाले त्याला सर्व्हिस पॅक म्हणतात. दुसरी, बंद पडलेल्या फोनातून काढलेला पार्ट. हाही कंपनीचाच, पण वापरलेला. तिसरी, दुसऱ्या कारखान्यात बनलेली कॉपी. डिस्प्लेच्या कॉपीतही ओएलईडी वेगळी आणि स्वस्तातली टीएफटी वेगळी.

कॉपी घेणं चूक नाही. कॉपी देऊन ओरिजिनलचे पैसे घेणं, ही चोरी. मागच्या आठवड्यात कुर्टीचे एक काका डिस्प्ले फुटलेला चार वर्षांचा फोन घेऊन आले. त्यांच्यासमोर तीन आकडे कागदावर लिहिले : कंपनीचा ६,२०० रुपये, ओएलईडी कॉपी ३,४००, टीएफटी १,७००. फोनच विकायला काढला तर पाच हजार येणार नाहीत. काकांना म्हटलं, सहा हजार घालू नका. त्यांनी टीएफटी लावली. रंग थोडे फिके दिसतात, हे आधी सांगितलं आणि बिलावरही "टीएफटी कॉपी" असंच लिहिलं.

पोस्ट २ : बोटाचा ठसा खोटं बोलत नाही

कुर्टीचे काका फोन पिनने उघडतात, म्हणून त्यांना टीएफटी चालली. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून फोन उघडत असाल तर हे वाचाच.

आजकालच्या बऱ्याच फोनांत ठशाचा सेन्सर डिस्प्लेच्या खाली असतो. बोट टेकलं की तेवढी जागा उजळते, प्रकाश बोटावरून मागे फिरतो आणि डिस्प्लेच्या थरांतून झिरपून सेन्सरपर्यंत पोचतो. ओएलईडीमध्ये हे जमतं. टीएफटीच्या मागे बॅकलाइटची बंद पाठ असते, तिथे प्रकाश अडतो. मग ठसा कितीही वेळा नोंदवा, फोन ढिम्म.

हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो. दुकान नवीन असताना एका सप्लायरने "एकदम ओरिजिनल" म्हणून डिस्प्ले दिला. मी तो डोळे झाकून बसवला. संध्याकाळी ज्यांचा फोन होता त्या बाई परत आल्या : "भाऊ, बोट लागत नाही." पार्ट टीएफटी निघाला. त्यांना दुसरा डिस्प्ले माझ्या खिशातून बसवून दिला. सप्लायरने फोन उचलणंच सोडलं. तेव्हापासून आमच्याकडे डिस्प्ले चिकटवण्याआधी नुसती पट्टी जोडून, तुमच्यासमोर टच आणि रंग तपासतो. ठसा मात्र डिस्प्ले जागेवर बसल्याशिवाय नीट कळत नाही. तो फोन हातात देताना तुमच्याच बोटाने बघायचा.

आयफोनवाल्यांना आणखी एक सोय आहे. Settings मध्ये General, त्यात About उघडा. नव्या मॉडेलांत बॅटरी किंवा डिस्प्ले बदललेला असेल तर तिथे त्याची नोंद दिसते. Unknown Part असं आलं तर तो पार्ट कंपनीचा आहे याची फोनलाच खात्री पटलेली नाही. सेकंडहँड आयफोन घेताना पैसे मोजायच्या आधी एवढं बघाच.

पोस्ट ३ : आधी बिल शोधा, मग आमच्याकडे या

फोन कंपनीच्या वॉरंटीत असेल आणि आपोआप बिघडला असेल, तर आमच्याकडे आणू नका. खरंच. आम्ही स्क्रू उघडला की कंपनी हात वर करू शकते. बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तिथे काम फुकट होईल.

फुटलेला आणि पाणी गेलेला फोन सहसा त्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी आम्ही आहोत.

पोस्ट ४ : आमची वॉरंटी, कशावर आणि किती

वॉरंटी बसवलेल्या पार्टवर असते, अख्ख्या फोनवर नाही. भांडणं इथेच होतात. आम्ही बॅटरी बदलली आणि महिन्याने कॅमेरा गेला, तर कॅमेऱ्याचा खर्च वेगळा.

डिस्प्लेला ३ महिने : टच आपोआप गेला, रेषा आल्या, तर बदलून देऊ. पडून तडा गेला तर नाही. काचेवर मार लागला की नाही हे कडा बघून कळतं, त्यामुळे "खिशातच होता हो" म्हणू नका. बॅटरीला ६ महिने. चार्जिंग जॅकला १ महिना, कारण वाळू आणि खिशातला कचरा आत जातो आणि त्याला इलाज नाही.

पाणी गेलेल्या फोनला वॉरंटी शून्य. बोर्ड धुऊन, सुकवून आज चालू करून देऊ. पण आत लागलेला गंज पंधरा दिवसांनी कुठली लाइन खाईल, हे मला सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही त्याची चिठ्ठी मी देत नाही.

पोस्ट ५ : सांजांव आणि चिखलकाला

२४ जूनला विहिरीत उडी मारताना डोक्यावर कोपेल असतो आणि खिशात फोन. दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर ओळीने ओले फोन. मग आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलचा चिखलकाला, त्याचे वेगळे.

"पण माझा आयपी६८ आहे!" पाण्यात टिकण्याची ती चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी वेगळंच प्रकरण आहे, मीठ धातू खातं. शिवाय फोन एकदा उघडला की कारखान्याचं सील गेलं. आम्ही नवा गोंद लावतो, पण त्यावर विसंबून पोहायला जाऊ नका.

आत पाणी गेलं की नाही हे एक बारीक पांढरी चिकटपट्टी सांगते. पाणी लागलं की ती लाल-गुलाबी होते. बऱ्याच आयफोनांत ती सिमच्या खाचेतून टॉर्च मारून बघता येते. सर्व्हिस सेंटरवाले आधी तिथेच डोकावतात.

फोन भिजला तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, तांदळाच्या डब्यात कोंबू नका. तांदळाने बोर्डाखालचं पाणी निघत नाही, उलट पीठ जॅकमध्ये बसतं. लगेच घेऊन या. लवकर आलेला फोन वाचायची शक्यता जास्त.

पोस्ट ६ : बॅटरी फुगली?

मागचं झाकण वर आलं, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर दाबून बसवू नका आणि टाचणीने टोचू तर मुळीच नका, आग लागते. फोन बंद करून आणा.

नव्या बॅटरीवर बीआयएसचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. बसवण्याआधी दाखवायला सांगा. जुना पार्टही मागून घ्या, तो तुमचा आहे. फक्त फुगलेली बॅटरी घरी नेऊ नका, ती आमच्याकडेच ठेवा, ई-कचऱ्यात जाईल.

पोस्ट ७ : बिल

बिलावर चार गोष्टी असतील : पार्टचं नाव आणि प्रकार, तारीख, वॉरंटीचे महिने, फोनचा आयएमईआय. हा १५ आकडी नंबर *#06# डायल केल्यावर दिसतो. बिल हरवेल अशी भीती असेल तर त्याचा फोटो काढा, पण दुरुस्तीला दिलेल्या फोनात नको, घरच्या दुसऱ्या फोनात.

कुठल्याही दुकानाने, आमच्यासकट, लिहून दिलेलं पाळलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे हेच बिल मागतील.

दुकान सकाळी साडेनऊ ते एक, दुपारी साडेतीन ते आठ. मधल्या वेळेत शटर वाजवू नका, आम्हीही जेवून आडवे होतो. अपवाद फक्त भिजलेल्या फोनाला : शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे सांगा, तो उठवेल.