संदर्भपत्र: गर्भधारणेआधी मायट्रल झडपेचं बलून करावं का?

चंदगड, १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
डॉ. इनामदार मॅडम,
हृदयरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

रुग्ण: सौ. वैशाली, वय २४, गृहिणी आणि शेतीकाम, तालुका चंदगड

सप्रेम नमस्कार.

संधिवाती तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेल्या (क्षेत्रफळ १.२ चौ. सेंमी, चढावर धाप) आणि आता मूल हवं असलेल्या वैशालीचं बलून गर्भधारणेआधी करून घ्यावं, की औषधांवर ठेवून तिला गर्भधारणेला हो म्हणावं?

यालाच जोडून दोन लहान प्रश्न आहेत. तिला अधूनमधून धडधड होते; ती एट्रियल फिब्रिलेशन असेल का, आणि तसं असल्यास रक्त पातळ करण्याचं औषध आत्ताच सुरू करायचं का? दुसरं, पेनिसिलिन पुढे इंजेक्शनने द्यायचं की गोळीने? घाई एवढ्यासाठीच की नवरा-बायको थांबायला तयार आहेत, पण फार दिवस थांबतील असं मला वाटत नाही.

अकराव्या वर्षी तिला ताप आला आणि गुडघे, मग घोटे असे सांधे एकामागून एक सुजले. तेव्हा गडहिंग्लजला दाखवलं होतं आणि हृदयात आवाज असल्याचं सांगितलं गेलं. त्यानंतर दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट सुरू होतं. मधे खंड पडले, तरी माहेरी असेपर्यंत आईने ते नेटाने चालवलं. मे २०२४ मध्ये लग्न झालं आणि इंजेक्शन बंद पडलं. कारण वैद्यकीय नाही. सासरी आजाराबद्दल सांगितलेलं नव्हतं आणि इंजेक्शनचं कार्ड माहेरच्या कपाटातच राहिलं. शेवटच्या तापाला दहा वर्षं उलटली असली तरी झडप खराब आहे, त्यामुळे चाळिशीपर्यंत पेनिसिलिन हवं असं मी धरून चाललो आहे.

या मार्चपासून वैरणीचा भारा घेऊन चढ चढताना तिला थांबावं लागतं. जुलैत रोप लावताना वाकून काम केलं की धाप लागायची, तेव्हा घरच्यांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक आणून दिलं. सपाटीवर ती नीट चालते, घरकाम करते. म्हणजे एनवायएचए दुसरी पायरी. गणपतीच्या दिवसांत, दिवसभर उभ्याने राबल्यानंतर, एका रात्री खोकल्याने जाग येऊन ती उठून बसली. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं. तसं पुन्हा झालेलं नाही. थुंकीतून रक्त नाही, पायांवर सूज नाही, हातपाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं कधी झालेलं नाही. धडधड दोनदा झाली, अचानक सुरू होऊन काही मिनिटांत आपोआप थांबली. दोन्ही वेळा ती माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर नाडी नियमित होती. आमच्याकडे होल्टरची सोय नाही, त्यामुळे हा धागा अर्धवट सोडून तुमच्याकडे देतो आहे.

आजची तपासणी: वजन ४३ किलो, उंची १५१ सेंमी, नाडी ७६ नियमित, रक्तदाब १०४/७०, ऑक्सिजन ९७ टक्के. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, फुप्फुसं स्वच्छ. पहिला ध्वनी ठसठशीत. ओपनिंग स्नॅप दुसऱ्या ध्वनीच्या बराच जवळ ऐकू येतो. टोकाशी डायस्टोलिक गुरगुर, शेवटाकडे वाढणारी. गळतीचा आवाज मला स्पष्ट आला नाही. ईसीजी सायनस लयीत, पी लहर रुंद आणि दुभंगलेली. दोन मजले जिने चढवून पाहिलं, नाडी १२४ वर गेली, ऑक्सिजन ९५ वर आला आणि दुसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला.

आता इकोबद्दल, कारण निर्णयाची गाठ तिथेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये बेळगावला केलेल्या इकोत क्षेत्रफळ १.६ चौ. सेंमी, सरासरी ग्रेडियंट ५ आणि फुप्फुसाच्या धमनीचा दाब ३२ होता. ९ सप्टेंबर २०२५ ला गडहिंग्लजला केला, त्यात प्लॅनिमेट्रीने १.२, प्रेशर हाफ टाइमने १.४, ग्रेडियंट ११, दाब ४८, डावा कर्णिक ४४ मिमी, गळती सौम्य, इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. झडपेखालच्या दोऱ्यांची जाडी 'मध्यम' लिहिली आहे, कॉमिशरमध्ये कॅल्शियम नाही, कर्णिकात गुठळी दिसली नाही. विल्किन्स स्कोअर लिहिलेला नाही. अन्ननलिकेतून केलेला इको झालेला नाही.

पण हा सप्टेंबरचा ग्रेडियंट जसाच्या तसा धरू नये असं मला वाटतं. त्या दिवशी नाडी ९८ होती आणि हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ७. पंडुरोगात हृदय जास्त रक्त ढकलतं, त्यात नाडी जलद, म्हणजे झडपेतून रक्त जायला वेळ कमी. अशा वेळी ११ चा आकडा फुगलेला असणार, कदाचित ४८ चाही. क्षेत्रफळाला मात्र पंडुरोगाची सबब पुरत नाही. दहा आठवडे लोह दिल्यावर आज हिमोग्लोबिन ११.४ आहे आणि मेटोप्रोलॉलने नाडी सत्तरीत आली आहे. रंग सुधारला, थकवा कमी झाला, पण चढावरची धाप तशीच आहे. म्हणून धापेचं कारण आता झडपच असं मी मानतो. इथे पुन्हा इको मुद्दाम केला नाही; तिसऱ्या हाताने तिसरा आकडा येण्यापेक्षा तुम्ही स्वतः पाहिलेलं बरं. विश्रांतीतले आकडे आणि तक्रारी जुळल्या नाहीत तर व्यायामानंतरचा इको करावा अशी विनंती.

माझा कल आधी बलून करण्याकडे आहे. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते. आज भारा घेऊन जे होतं ते सातव्या महिन्यात बसल्याजागी होईल, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही तास तर आणखी नाजूक. चंदगडहून रात्री तिला तुमच्यापर्यंत पोहोचवायचं म्हटलं तर पावसाळ्यात किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. क्षेत्रफळ १.५ पेक्षा कमी असलेल्या स्त्रीत गर्भधारणेआधी झडप रुंद करण्याचा विचार व्हावा, या सर्वमान्य शिफारशीतही ती बसते.

तरीही मला अडवते ती दोऱ्यांची जाडी. झडप बलूनला साजेशी नसेल आणि फुगवताना पापुद्रा फाटून मोठी गळती झाली, तर गाडी थेट शस्त्रक्रियेवर जाते. चोविसाव्या वर्षी धातूची झडप, मग जन्मभर वॉर्फरिन आणि वॉर्फरिनवर गर्भारपण: हे आजच्या स्थितीपेक्षा वाईट. तशी शक्यता तुम्हाला मोठी वाटली, तर मेटोप्रोलॉलवर, तुमच्या देखरेखीखाली गरोदरपण पार पाडणं मी पसंत करीन आणि दुसऱ्या तिमाहीत गरज पडली तरच बलूनचा विचार. हा तोल इथे बसून मला ठरवता येत नाही. अन्ननलिकेतून इको करून झडपेची प्रत आणि कर्णिकातल्या कोपऱ्यातली गुठळी, दोन्ही एकदा पाहून घ्यावं.

पेनिसिलिनबद्दल: बंद पडलेलं इंजेक्शन मी पुन्हा सुरू केलेलं नाही. ॲलर्जी नाही, पूर्वी कधी त्रास झालेला नाही. पण झडप बरीच अरुंद असलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर, ॲलर्जी नसतानाही, रक्तदाब कोसळण्याचा धोका लक्षात घेऊन सध्या पेनिसिलिन व्ही गोळी दिली आहे. गोळी रोज दोनदा घेण्याची तिची शिस्त चांगली आहे, पण सुगीत ती टिकेल का, याची मला शंका आहे. बलून झाल्यावर इंजेक्शनकडे वळावं का, ते कळवा.

सध्याची औषधं: मेटोप्रोलॉल २५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, पेनिसिलिन व्ही २५० मिग्रॅ दोनदा, लोहाची गोळी रोज एक, फॉलिक ॲसिड. फुप्फुसात पाणी नाही म्हणून लघवीची गोळी दिलेली नाही. रक्त पातळ करणारं काही चालू नाही. टीएसएच, क्रिएटिनिन, साखर नॉर्मल.

शेवटची पाळी १३ नोव्हेंबरला आली, आज लघवीची गर्भचाचणी निगेटिव्ह. निरोध वापरत आहेत. अंतरा इंजेक्शनबद्दल बोललो, पण नंतर पाळी लांबेल या भीतीने तिला नको आहे. कॅथलॅबमध्ये घेण्याआधी चाचणी पुन्हा करावी.

एक गोष्ट नाजूक आहे. लहानपणीच्या आजाराचं नवऱ्याला यंदा सप्टेंबरमध्ये कळलं. तो समजूतदार निघाला, रिपोर्टची फाईल आता तोच सांभाळतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि वैशालीची इच्छा अशी की सांगायचं तेव्हा ती स्वतः सांगेल. ओपीडीत सासूबाई सोबत आल्या तर कृपया आधी तिला आणि नवऱ्याला आत घ्यावं. हे पत्र मराठीत लिहिलं आहे तेही त्यासाठीच. वैशाली बारावी झालेली आहे, तिने ते वाचलं आणि धडधडीचा एक तपशील माझ्याकडून दुरुस्तही करून घेतला.

मी तिला एवढंच सांगितलं आहे की झडप अरुंद आहे, ती बहुधा रुंद करता येते, आणि तुम्ही पाहीपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. 'मूल होणार नाही' असं कुणीही म्हटलेलं नाही. तिला बाहेरून तसं ऐकायला मिळालं होतं, ते मी खोडून काढलं. बलूनमधले धोके मी सांगितलेले नाहीत, ते तुमच्याकडून कळावेत.

नवऱ्याची सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा २७ नोव्हेंबरची वेळ मिळाली तर सोयीचं. केशरी रेशनकार्ड आणि आधार सोबत दिलं आहे, म्हणजे महात्मा फुले योजनेची चौकशी त्याच दिवशी होईल.

तुमच्या उत्तरात निर्णयाबरोबर दोन गोष्टी लिहून मिळाव्यात: बलून झालं तर किती महिन्यांनी गर्भधारणेला हरकत नाही, आणि मधेच दिवस राहिले तर किती आठवड्यांत तिला तुमच्याकडे पाठवायचं. त्याची एक प्रत मी गावच्या एएनएमताईंकडे देणार आहे.

सोबत: दोन्ही इको अहवाल (सप्टेंबरच्या इकोची सीडीही), आजचा ईसीजी, रक्त तपासण्या, पेनिसिलिनचं जुनं कार्ड.

आपला,
डॉ. सुहास नेर्लेकर
एम.बी.बी.एस., चंदगड

ता.क. त्या दोनपैकी दुसरी धडधड चहानंतर नव्हे, तर रात्री जेवून पडल्यावर झाली होती. वैशालीने दुरुस्त केलेला तपशील तो हाच.