विषय: सोम. १४ ते बुध. १६ जुलै घरून काम करण्याची परवानगी मिळावी

मेघना मॅडम,

नमस्कार. शनिवारपर्यंतची आजारपणाची रजा तुम्ही लगेच मंजूर केलीत, त्याबद्दल आभार.

तब्येत आता बरीच सुधारली आहे. काल दुपारनंतर तापाची गोळी घेतलेली नाही आणि ताप परत आलेला नाही. खोकला आणि अशक्तपणा मात्र आहे. तपासणीत इन्फ्लुएंझा ए निघाला होता. ऑसेल्टामिविरचा पाच दिवसांचा कोर्स उद्या संध्याकाळी संपेल. ताप बुधवारी, ९ तारखेला सुरू झाला. लक्षणं दिसल्यापासून साधारण पाच ते सात दिवस हा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी बुधवारपर्यंत लोकांत मिसळू नका असं सांगितलं आहे. चिठ्ठी जोडली आहे.

माझी खरी काळजी आपल्या बसण्याच्या जागेची आहे. एसीमुळे खिडक्या बंद असतात, आणि प्राजक्ताची खुर्ची माझ्या अगदी शेजारी आहे. तिला सातवा महिना चालू आहे. गरोदरपणात फ्लू जास्त त्रासदायक ठरू शकतो. मास्क लावला तरी खोकत दिवसभर तिच्या बाजूला बसणं मला बरोबर वाटत नाही.

काम मात्र अडू देणार नाही. उद्या जूनचा जीएसटीआर-२बी येईल आणि २० तारखेला, म्हणजे रविवारी, ३बी भरायचा आहे. खरेदी रजिस्टरशी २बी जुळवणं, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांच्या मागे लागणं आणि आयटीसीचा तक्ता तयार करणं, हे सगळं घरून होतं. लॅपटॉप माझ्याकडेच आहे, व्हीपीएनवरून टॅली आज उघडून पाहिलं, व्यवस्थित चालतंय. जुळवणीचा तक्ता बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाठवतो, म्हणजे तपासायला तुमच्या हातात दोन दिवस राहतील.

अडचण फक्त कागदी बिलांची आहे. माझ्या टेबलावरच्या निळ्या फाइलमध्ये वाहतूकदारांची बिलं आहेत, ती सुहासने स्कॅन करून पाठवली तर बरं होईल. त्याच्याशी बोललो आहे, तो तयार आहे. तुमची हरकत नसावी. डिजिटल सहीचा टोकन तुमच्या कपाटातच आहे, त्याची गरज मी आल्यावरच लागेल.

दुपारी थकवा येतो, म्हणून ९ ते १ आणि ३ ते ७ असं काम करावं म्हणतो. जास्त बोललं की खोकल्याची उबळ येते, त्यामुळे शक्यतो मेल किंवा चॅटवर विचारावं. तातडीचं असेल तर फोन जरूर करा, मी उचलेन.

घरून काम करणं धोरणात बसत नसेल, तर हे तीन दिवस माझ्या आजारपणाच्या रजेतून धरावेत. गुरुवारी, १७ तारखेला, मास्क लावून ऑफिसला येतो. मध्येच ताप उलटला तर त्याच दिवशी कळवतो.

उद्या सकाळी ९ च्या आत तुमचं उत्तर मिळालं तर त्याप्रमाणे कामाला बसतो.

आपला,
अनिकेत
लेखा विभाग

सोबत: डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणी अहवाल