रोजकीर्द, फेब्रुवारी २०२६: बेदाण्याची विक्री, पेमेंट, तीन पाकिटांचा रिफंड आणि गेटवेची फी

वहिनी, वेबसाइटच्या दोन ऑर्डरच्या नोंदी खाली पूर्ण लिहून दिल्यात, एक पुण्याची आणि एक इंदूरची. पुढच्या ऑर्डरी तुम्ही लिहिणार आहात म्हणून प्रत्येक नोंदीखाली ती तशी का केली तेही लिहिलंय. सगळा भर एका खात्यावर आहे, "पेमेंट गेटवे खाते". टॅलीमध्ये हे खातं उघडताना सन्ड्री डेटर्समध्ये ठेवा, बँकेत नको, कारण गेटवेकडे अडकलेले पैसे म्हणजे कुणीतरी आपल्याला देणं लागतंय, ते अजून आपल्या हातात नाहीत.

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६. बिल नं. ३१२

पुणे ग्राहक खाते, नावे ४,२००.००
ते विक्री खाते, बेदाणा ५% ४,०००.००
ते आउटपुट सीजीएसटी खाते १००.००
ते आउटपुट एसजीएसटी खाते १००.००
(हिरवा बेदाणा अर्धा किलोची १० पाकिटं, दर २४०, आणि पिवळा बेदाणा अर्धा किलोची १० पाकिटं, दर १६०, पुण्याला विकला. डिलिव्हरी फ्री.)

माल त्याच दिवशी आडगाव नाक्यावरून कुरिअरला गेला म्हणून बिलाची तारीख तीच. आपण नाशिकचे आणि ग्राहक पुण्याचा, दोघं महाराष्ट्रातच, म्हणून पाच टक्क्यांचे दोन अडीच-अडीच झाले. एक लक्षात ठेवा, शेतकरी स्वतःच्या मळ्यातला बेदाणा विकतो तेव्हा त्याला जीएसटी लागत नाही, डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर ते स्पष्टही झालंय. पण आपण तो विकत घेऊन, निवडून, आपल्या पाकिटात भरून विकतो म्हणजे आपण व्यापारी, आणि आपलं रजिस्ट्रेशन आहे, म्हणून आपल्या बिलात टॅक्स लागणारच.

त्याच दिवशी, पेमेंट

पेमेंट गेटवे खाते, नावे ४,२००.००
ते पुणे ग्राहक खाते ४,२००.००
(बिल नं. ३१२ चे पैसे यूपीआयने नाही, क्रेडिट कार्डने गेटवेवर आले.)

ग्राहकाने पूर्ण ४,२०० दिले. गेटवेने नंतर त्यातून काय कापलं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून ग्राहकाचं खातं इथे शून्य होतं आणि आता गेटवे आपला देणेकरी. इथे रक्कम कधीही ४,१००.८८ टाकायची नाही, भले बँकेच्या मेसेजमध्ये तोच आकडा दिसत असेल.

त्याच दिवशी, गेटवेची फी

गेटवे फी खाते, नावे ८४.००
इनपुट आयजीएसटी खाते, नावे १५.१२
ते पेमेंट गेटवे खाते ९९.१२
(४,२०० वर २% फी ८४, त्यावर १८% जीएसटी १५.१२.)

फी पूर्ण ४,२०० वर लागते, म्हणजे टॅक्सच्या २०० रुपयांवरही, आणि ते बरोबरच आहे कारण त्यांनी पैसे वाहून आणले ते सगळेच. ८४ हा आपला खर्च, नफा-तोट्यात जाईल. १५.१२ मात्र खर्च नाही, तो टॅक्स परत मिळतो, त्याला खर्चात ढकललं तर दर ऑर्डरला आपण स्वतःहून पैसे सोडतोय. गेटवे कर्नाटकात रजिस्टर्ड आहे आणि आपण महाराष्ट्रात, म्हणून त्यांच्या बिलात आयजीएसटी येतो. मात्र हा टॅक्स वळता करून घ्यायचा तो त्यांचं महिन्याचं बिल आलं आणि जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं की मगच. त्यासाठी त्यांच्या डॅशबोर्डवर आपला जीएसटी नंबर टाकलेला हवा, तो मी टाकून ठेवलाय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६. बँकेत जमा

बँक खाते, नावे ४,१००.८८
ते पेमेंट गेटवे खाते ४,१००.८८
(गेटवेकडून सेटलमेंट. ४,२०० वजा ९९.१२.)

ही नोंद करून गेटवे खातं उघडलं तर शिल्लक शून्य दिसली पाहिजे. नसेल तर त्याच दिवशी शोधा, महिनाअखेरीला पन्नास ऑर्डरींच्या ढिगात ते सापडत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६. क्रेडिट नोट नं. ९, बिल नं. ३१२ वर

विक्री परत खाते, बेदाणा ५%, नावे ४८०.००
आउटपुट सीजीएसटी खाते, नावे १२.००
आउटपुट एसजीएसटी खाते, नावे १२.००
ते पुणे ग्राहक खाते ५०४.००
(पिवळ्या बेदाण्याची ३ पाकिटं, दर १६०, खराब पोचली.)

ग्राहकाने फोटो पाठवलेत, ते क्रेडिट नोटच्या फाइलला लावून ठेवलेत. पाकिटाच्या खालच्या बाजूचं सील सुटलंय, आत दमट हवा गेली आणि बेदाण्याचा चिकट गोळा झालाय, एका पाकिटात तर दाणे वेगळेच होत नाहीत. बाकीची १७ पाकिटं चांगली आहेत, म्हणून रिफंड तीनचाच. यात ४८० बेदाण्याचे आणि २४ टॅक्सचे. ग्राहकाने आपल्याला टॅक्स दिला होता, तो त्याला परत द्यायचा आणि सरकारला भरताना आपला तेवढा कमी करून घ्यायचा, म्हणून क्रेडिट नोट लागतेच. नुसते ५०४ "किरकोळ नुकसान" म्हणून खर्चात टाकले तर २४ रुपये आपण ग्राहकालाही दिले आणि सरकारलाही भरले असं होतं. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहिलेली असलीच पाहिजे.

विक्री खात्यातून थेट ४८० वजा करू नका, "विक्री परत" वेगळंच राहू द्या. ते खातं उघडल्यावर वर्षभरात किती माल बिघडून परत आला ते एका नजरेत कळतं, आणि पिवळ्याचंच सील का सुटतंय हे भाऊंना दाखवायला तेवढाच पुरावा आपल्याकडे आहे.

माल आपण परत मागवला नाही, तिथेच फेकायला सांगितला, म्हणून स्टॉकमध्ये काहीही परत घ्यायचं नाही. हा बेदाणा थेट शेतकऱ्याकडून घेतलेला, खरेदीत टॅक्सच नव्हता, त्यामुळे बेदाण्यावर रिव्हर्स करायला काही इनपुट नाही. व्यापाऱ्याकडून टॅक्स भरून घेतलेल्या मालाचं असं झालं तर आधी मला विचारा, तिथे इनपुट सोडावं लागू शकतं.

त्याच दिवशी, रिफंड

पुणे ग्राहक खाते, नावे ५०४.००
ते पेमेंट गेटवे खाते ५०४.००
(क्रेडिट नोट नं. ९ चे पैसे गेटवेमार्फत ग्राहकाच्या कार्डवर परत.)

आता गेटवे खात्यात ५०४ जमा शिल्लक दिसेल, म्हणजे उलटं, आपणच गेटवेचे देणेकरी. घाबरू नका, बँकेतून काही गेलेलं नाही म्हणून बँकेची नोंद इथे येतच नाही, ते पुढच्या सेटलमेंटमधून कापतात. फीचं मात्र नीट समजून घ्या. रिफंड केला तरी आपल्या गेटवेचा नियम असा की घेतलेली फी परत मिळत नाही. ५०४ वरची फी १०.०८ आणि त्यावरचा टॅक्स १.८१ आधीच्या ९९.१२ मध्ये बसलेत ते तसेच राहतात, म्हणून फीच्या खात्यात उलटी नोंद करायची नाही.

त्याच दिवशी, दुसरी ऑर्डर, इंदूर. बिल नं. ३१९

इंदूर ग्राहक खाते, नावे २,१००.००
ते विक्री खाते, बेदाणा ५% २,०००.००
ते आउटपुट आयजीएसटी खाते १००.००
(बेदाणा इंदूरला विकला, दुसऱ्या राज्यात म्हणून आयजीएसटी.)

पेमेंट गेटवे खाते, नावे २,१००.००
ते इंदूर ग्राहक खाते २,१००.००
(बिल नं. ३१९ चे पैसे गेटवेवर आले.)

गेटवे फी खाते, नावे ४२.००
इनपुट आयजीएसटी खाते, नावे ७.५६
ते पेमेंट गेटवे खाते ४९.५६
(२,१०० वर २% फी आणि त्यावर १८%.)

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. बँकेत जमा

बँक खाते, नावे १,५४६.४४
ते पेमेंट गेटवे खाते १,५४६.४४
(सेटलमेंट. २,१०० वजा फी ४९.५६ वजा पुण्याचा रिफंड ५०४.)

हाच तो आकडा ज्याने लोक गोंधळतात, बँकेच्या पासबुकात फक्त १,५४६.४४ येतात आणि इंदूरच्या २,१०० शी ते कुठेच जुळत नाहीत, कारण आत पुण्याचा रिफंड लपलाय. डॅशबोर्डवरून सेटलमेंट रिपोर्ट डाउनलोड करा, त्यात तिन्ही ओळी सुट्या दिसतात.

गेटवे खात्याची खतावणी तपासून पाहिली. नावे बाजू ४,२०० आणि २,१००, मिळून ६,३००. जमा बाजू ९९.१२, ४,१००.८८, ५०४, ४९.५६ आणि १,५४६.४४, मिळून ६,३००. शिल्लक शून्य.

बँकेत आलेलीच रक्कम विक्री म्हणून लिहिली असती तर विक्री ५,६४७.३२ दिसली असती. खरी विक्री टॅक्स सोडून ६,०००, त्यातून परत ४८०, म्हणजे ५,५२०. फी १२६ कुठेच दिसली नसती, टॅक्स विक्रीत मिसळला असता, आणि इनपुटचे २२.६८ गेलेच असते. दोन ऑर्डरींत हे एवढं होतं, द्राक्षाच्या सीझननंतर रोजच्या तीस-चाळीस ऑर्डरी आल्या की रिटर्न आणि पुस्तक कधीच जुळणार नाही.

या दोन ऑर्डरींचा फेब्रुवारीचा टॅक्स असा. सीजीएसटी १०० वजा १२, ८८ भरायचे, एसजीएसटीही ८८. आयजीएसटी १००, त्यातून इनपुट २२.६८ वळतं केलं तर ७७.३२. दोन्ही ग्राहक बिनजीएसटीवाले म्हणून जीएसटीआर-१ च्या टेबल ७ मध्ये एकत्र आकडा जाईल, महाराष्ट्राचे ४,००० नाही तर क्रेडिट नोट वजा करून ३,५२०, आणि मध्य प्रदेशचे २,०००. जीएसटीआर-१ ११ मार्चपर्यंत आणि ३बी २० मार्चपर्यंत. गेटवेचं फेब्रुवारीचं बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेलवर येईल, आल्या आल्या त्यातले १२६ आणि २२.६८ वरच्या नोंदींशी जुळवा आणि १४ मार्चनंतर २बी उघडून तिथेही दिसतंय का बघा, दिसत नसेल तर इनपुट पुढच्या महिन्यावर ढकला आणि ३बी मध्ये आयजीएसटी पूर्ण १०० भरा.