अकाउंट बंद केलंत ते केलंत, माझे 6,817 का अडवलेत?

प्रति,
पार्टनर सपोर्ट आणि पेआउट टीम

विषय: अकाउंट बंद झाल्यावर वॉलेटमध्ये अडकलेली कमाई मिळण्याबाबत

नमस्कार,

14 तारखेला, शुक्रवारी दुपारी माझा डिलिव्हरी आयडी बंद केला. आधी वॉर्निंग नाही, फोन नाही, नुसता मेसेज आला की संशयास्पद हालचालीमुळे खातं कायमचं निष्क्रिय केलंय. आयडी परत चालू करा म्हणून वेगळी तक्रार टाकलीय, तिचं काय व्हायचं ते होईल, हे पत्र फक्त पैशांसाठी आहे. दोन्ही विषय एकत्र करू नका, कारण सपोर्टवाले प्रत्येक वेळी तेच करतात, मी विचारतो पेआउट कधी आणि उत्तर येतं की आपले खाते धोरणानुसार बंद आहे. अरे ते कळलं मला, पण त्या आठवड्यात ज्या ऑर्डरी मी पोचवल्या त्या तर पोचल्या ना, गिऱ्हाईकाने पैसे दिले, हॉटेलला त्याचा वाटा गेला, तुमचं कमिशन तुम्ही कापून घेतलं, मग त्यातला फक्त माझाच हिस्सा संशयास्पद कसा?

सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंतची ऑर्डरची कमाई 4,905, टिप 312 आणि आठवड्याचा इन्सेंटिव्ह 1,600, एकूण 6,817. इन्सेंटिव्हचा स्लॅब गुरुवारी रात्रीच पूर्ण झाला होता, ऍपमध्ये हिरवी टिक आली होती, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय, त्यामुळे आठवडा पूर्ण काम केलं नाही हे कारण सांगू नका. आणि टिप तर तुमची नाहीच. गिऱ्हाईकाने ती मला दिली, तुमच्या ऍपमधून आली एवढंच, ती तुम्ही ठेवून घेता कशाच्या जोरावर?

सपोर्टच्या एका माणसाने फोनवर सांगितलं की काही ऑर्डरींचं लोकेशन मॅच होत नाही. लेखी द्या म्हटलं तर नाही देता येत म्हणे. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जीपीएस पकडत नाही आणि उंच बिल्डिंगांच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून येतो त्यामुळे मॅपवरचं टिंब शेजारच्या गल्लीत उडी मारतं, हे कुठल्याही रायडरला विचारा. पण जीपीएस सोडा, ओटीपी तर आहे ना? गिऱ्हाईकाने ओटीपी सांगितल्याशिवाय त्या ऑर्डरी क्लोजच होत नव्हत्या. ज्या ऑर्डरीवर शंका आहे तिचा नंबर द्या, ओटीपी किती वाजता टाकला ते तुमच्याच सिस्टीममध्ये दिसेल, गिऱ्हाईकाची तक्रार असेल तर तीही दाखवा. समजा एखाद्या ऑर्डरीवर वाद असलाच तर तेवढीच बाजूला ठेवा, त्यासाठी अख्ख्या आठवड्याचे पैसे कसे रोखता?

एक गोष्ट जास्त लागलीय ती बोलतोच. कॅश ऑर्डरीचे पैसे माझ्याकडे लिमिटच्या वर गेले की तुम्ही एक तास थांबत नाही, ऑर्डरी येणं लगेच बंद, आधी जमा करा मग काम. शुक्रवारी सकाळीच मी सगळी कॅश भरली, पावती जोडलीय, म्हणजे तुमचं माझ्याकडे काहीही बाकी नाही. आणि माझे पैसे तुमच्याकडे असले की मात्र तपासणी चालू आहे, टीम पाहतेय, तिकीट क्लोज झालंय! तिकीट क्लोज कोण करतं तेही कळत नाही, मी तर केलं नाही.

युरोपियन युनियनने 2024 मध्ये प्लॅटफॉर्मच्या कामासाठी नियम आणलेत, त्यात असं आहे की अकाउंट बंद करायचा निर्णय माणसानेच घ्यायचा, सॉफ्टवेअरने परस्पर नाही, आणि पैसे नाकारले तरी कारण लेखी द्यायचं. ते मला लागू होवो न होवो, पण त्यात अवघड असं काय आहे सांगा. कारण लिहून द्या एवढंच तर मागतोय.

तर हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत 6,817 जमा करा. काही कापायचं असेल तर कुठल्या ऑर्डरीचे किती आणि का ते लेखी कळवा, खाली माणसाचं नाव असू द्या. लॉगिन बंद असल्यामुळे मला माझं कमाईचं स्टेटमेंटही उघडता येत नाही, सुरुवातीपासूनचं सगळं ईमेलवर पाठवा, पेआउटचा हिशोब आणि टॅक्सला तेच लागतं. बॅगेचं डिपॉझिटही बाकी आहे, बॅग कुठे परत द्यायची ते सांगा, आणून देतो. 7 दिवसांत उत्तर नाही आलं तर हेच पत्र पुराव्यांसकट कामगार कार्यालयात आणि युनियनकडे देणार आहे.

पैसे दर आठवड्याला ज्या बँक खात्यात यायचे तेच खातं आजही चालू आहे, त्यामुळे परत केवायसी करा म्हणून लिंक पाठवू नका.

संतोष
(हा मेल रजिस्टर्ड आयडीवरूनच पाठवलाय)

सोबत: वॉलेट आणि इन्सेंटिव्हचे स्क्रीनशॉट, कॅश भरल्याची पावती, अकाउंट बंद केल्याचा मेसेज, सपोर्टशी झालेलं चॅट