पाच किलो सहाशे ग्रॅम

साताऱ्यातल्या करंजे पेठेतल्या नव्या घराच्या पोर्चमध्ये सागवानाच्या दीड इंची फळ्या टेम्पोतून उतरल्या. सुनीलकाकांचं हे पहिलंच घर. वखारीत भाव बरा मिळाला म्हणून मुख्य दाराचं लाकूड त्यांनी स्वतःच आणलं होतं.

सुतार ओंकारनं एक फळी उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली.

"काका, माल सागवानच आहे. पण ओला आहे."

"पाऊस कुठाय? फेब्रुवारी चाललाय."

"वरून नाही ओ, आतून."

टोकाचं लाकूड आधी वाळतं आणि फसवतं, म्हणून त्यानं टोकापासून फूटभर आत जाऊन एक तुकडा कापला. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ४१२ ग्रॅम भरला. मग ओव्हन शंभरच्या किंचित वर लावून तुकडा आत ठेवला. दुसऱ्या दिवशी लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेना, तेव्हा आकडा होता ३१८.

"९४ ग्रॅम पाणी गेलं. ३१८नं भागलं की साडेएकोणतीस टक्के. दाराला बाराच्या आसपास पाहिजे."

"मग लावल्यावर वाळेल की! उन्हाळा तोंडावर आहे."

"वाळेलच. भानगड तिथंच आहे."

ओंकारनं फळीच्या टोकाला वलयांच्या कमानी पेन्सिलीनं गिरवल्या. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यातही वलयांच्या दिशेनं जेवढं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच त्यांच्या काटकोनात. दोन बाजू सारख्या आटत नाहीत, म्हणून फळीला बाक येतो आणि रेषा तिरप्या असतील तर पीळ पडतो.

"तुमचं पॅनेल बारा इंचांचं. एवढ्या ओल्यावरून बारा टक्क्यांवर आलं की आठेक मिलिमीटर आटणार. दाराच्या उभ्या पट्ट्यांच्या खाचेत ते दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर गेलेलं असतं. सगळं एका बाजूला सरकलं तर दुसरीकडं दोनच मिलिमीटर धरून राहील. आणि पॉलिश न लागलेली पांढुरकी पट्टी दिसेल ती वेगळीच."

"मग खिळे मारून पक्कं करायचं."

"खिळलं तर मधोमध चिरणार. पॅनेल मोकळंच ठेवायचं असतं, वाळलेल्या लाकडाचंसुद्धा."

खरी झीज मात्र सांध्यात होते. आडव्या पट्टीच्या टोकाचं कुसू आटतं, ते ज्या खाचेत बसवलेलं असतं त्या सालीत खुळखुळतं, आणि दार स्वतःच्या वजनानं कुलपाच्या बाजूला खाली बसतं. बिजागरीचे स्क्रू सैल होतात. पीळ पडला असेल तर वरचा कोपरा चौकटीला टेकतो, खालचा बाहेर राहतो आणि कडी कोयंड्यात जात नाही. मग जुलैत दार फुगून घासायला लागलं की सुताराला बोलावून रंधा मारला जातो आणि एप्रिलमध्ये तिथंच पाव इंचाची फट पडते. साताऱ्याच्या पावसात वाळलेलं दारही थोडं फुगतंच, त्यासाठी चारी बाजूंना तीनेक मिलिमीटर जागा सोडायची असते. ओल्या लाकडाला मात्र किती सोडायची याचा हिशोबच लागत नाही.

काकांनी फळ्यांकडे बघितलं. "परत करू?"

"नको, लाकूड चांगलं आहे. सीझनिंगच्या भट्टीत टाकू, दोन-तीन आठवडे लागतील. हवेवर वाळवायचं तर इंच जाडीला वर्ष असा जुना हिशोब आहे."

"आणि अक्षय्य तृतीयेची वास्तुशांत?"

"भट्टीतून आल्यावर पंधरा दिवस घरातच ठेवू, इथल्या हवेला सरावू दे. मग काम धरतो. नाहीच जमलं तर साधं फ्लश डोअर टांगू. तोरण त्यालाही लागतं."

भट्टीत नंबर लागेपर्यंत फळ्या पोर्चमध्ये उघड्या ठेवून चालणार नव्हतं. ओंकारनं त्या मागच्या खोलीत नेल्या. सिमेंटच्या ब्लॉकवर फूटभर उंच थर लावला. दर दोन फुटांवर इंची कोरड्या पट्ट्या टाकल्या, प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर, नाहीतर फळी तिथंच वाकते. टोकांना ऑइल पेंट फासला, कारण टोकं लवकर वाळली की चिरा आत शिरतात. खिडकी उघडी ठेवली, पण ऊन पडणारी बाजू ताडपत्रीनं झाकली.

एक पाच फुटी फळी त्यानं वेगळी काढून तोलली. ६.४८ किलो. मोबाईलवर आकडेमोड केली. पूर्ण कोरडी असती तर पाच किलो, बारा टक्क्यांना ५.६.

"ही लॉटबरोबरच भट्टीत जाणार. परत आली की पहिल्यांदा हीच तोलायची."

फळीच्या कडेला त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, '६.४८ → ५.६०'. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि काकूंना हाक मारली, "तो काटा बाहेरच ठेव गं."

"त्यावर नाही मावणार काका," ओंकार हसला, "भाजीवाल्याचा आणा."